श्लोक टंकताना नेमका बिघडतो कुठे: एका श्लोकाची दुरुस्ती पहिल्या अक्षरापासून

प्रश्न: शाळेच्या पाठांतर-पुस्तिकेसाठी चाळीसेक संस्कृत श्लोक टंकून घेतले. तिघांनी तपासले आणि तिघांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या निघाल्या. ‘कल्याणम्’ की ‘कल्याणं’, ‘नमोस्तुते’ जोडून की तोडून, मुलांसाठी संधी सोडवून छापावेत का, यावर वाद चालू आहे. माझे संस्कृत शाळेपुरतेच आहे. छापण्यापूर्वी तपासणी कशी करावी?

उत्तर: तिघांचे एकमत होत नाही, कारण टंकलेल्या श्लोकात चुका निरनिराळ्या वाटांनी शिरतात आणि तपासणाऱ्याची नजर सहसा त्याच्या सवयीच्या वाटेवरच असते. काही चुका कळफलकाच्या असतात, काही आपल्या मराठी हाताच्या असतात आणि उरलेल्या संधी अर्धवट राहिल्यामुळे किंवा नको तिथे झाल्यामुळे होतात. एकाच वाचनात हे सगळे पकडायला गेल्यास काहीतरी निसटते, म्हणून तपासणीचे फेरे वेगळे ठेवावेत. ते कसे, हे एकाच श्लोकावर दाखवतो. टंकलेखकाकडून तो साधारण असा येतो:

शुभंकरोती कल्याणं आरोग्यं धनसंपदा |
शत्रुबुध्दी विनाशाय दिपज्योती नमोस्तुते ||

आणि छापायला हवा तो असा:

शुभं करोति कल्याणमारोग्यं धनसम्पदा ।
शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योतिर्नमोऽस्तु ते ॥

पहिला फेरा कळफलकाचा. यासाठी संस्कृत येण्याची गरज नाही, त्यामुळे हे काम संगणकाकडूनच करून घ्यावे. वरच्या ओळींत दंडाच्या जागी उभी रेघ आली आहे. देवनागरी दंड (U+0964) आणि दुहेरी दंड (U+0965) ही स्वतंत्र चिन्हे आहेत. उभी रेघ घातली की तिची उंची आणि जाडी अक्षरांशी जुळत नाही आणि छापल्यावर ती लगेच डोळ्यांत खुपते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणि अवग्रहाच्या जागी रोमन `S` हे दोन दोष याहून लबाड आहेत, कारण पडद्यावर ते खऱ्यासारखेच दिसतात. खरा विसर्ग U+0903 आणि खरा अवग्रह U+093D. वर्डमध्ये `0903` किंवा `093D` टंकून लगेच `Alt+X` दाबले की ते चिन्ह उमटते, म्हणून कळफलकावर सापडत नाही ही सबब चालत नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये शोधखिडकीत `Regular expressions` चालू करून पुढील ओळी एकेक करून शोधाव्यात:

```
[\u0900-\u097F]:
[\u0900-\u097F]\s?S
\|
ध्द|श्रृ
ं\s*[अ-औ।॥]
```

पहिली ओळ विसर्गाच्या वेषातला अपूर्णविराम शोधते, दुसरी अवग्रहाच्या वेषातला `S` आणि तिसरी उभी रेघ. चौथ्या ओळीत संस्कृतात कधीच न येणारे वर्णक्रम आहेत. ‘द्ध’मध्ये आधी द् आणि मग ध असतो, त्यामुळे ‘बुध्दि’, ‘शुध्द’, ‘सिध्दि’ ही सगळी टंकनाची उलटापालट आहे. ‘शृ’ म्हणजे श् आणि ऋ. ‘श्रृ’ लिहिणारा मधे एक फुकटचा र् घालतो. पाचव्या ओळीचा संबंध संधीशी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

एक इशारा स्वतःच्या चुकीतून देतो. एका पुस्तिकेत मी सगळे अपूर्णविराम एका झटक्यात विसर्गांत बदलले आणि प्रत्येक श्लोकाखालचे ‘अर्थ:’ हे मराठी शीर्षक ‘अर्थः’ झाले. संस्कृतात ते प्रथमेचे निर्दोष रूप असल्यामुळे पुढच्या दोन वाचनांत ते कोणालाच खटकले नाही. तेव्हापासून मी सरसकट बदल करत नाही. एकेक जागा थांबून पाहतो आणि श्लोक व त्यांचे मराठी अर्थ वेगळ्या फाइलींत ठेवून मगच हा फेरा घेतो. मराठीतील ‘तुम्ही’ मधला ‘म्ह’ बरोबर असतो, पण श्लोकातला ‘ब्रम्ह’ हा ‘ब्रह्म’च असायला हवा. मराठीत ‘चिन्ह’ मान्य आहे, संस्कृतात मात्र ‘चिह्न’ लागते. एकत्र फाइलीत असे शोध निरुपयोगी ठरतात.

दुसरा फेरा मराठी हाताचा. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, त्यांनुसार इकारान्त आणि उकारान्त तत्सम शब्द मराठीत स्वतंत्रपणे आले की शेवटी दीर्घ लिहितो: कवी, बुद्धी, गुरू, विष्णू. मराठीपुरते ते योग्यच आहे आणि या उत्तरातल्या मराठी वाक्यांत मीही ‘गुरू’ असेच लिहितो आहे. श्लोक मात्र संस्कृत असल्यामुळे तिथे कवि, बुद्धि, गुरु, विष्णु हीच रूपे मूळ आहेत. जन्मभर दीर्घ लिहिणारा हात श्लोकात आपोआप ‘करोती’, ‘बुद्धी’, ‘ज्योती’ लिहून जातो, आणि संगणकात मराठी शुद्धलेखन-तपासणी चालू असेल तर ती या चुकीला मान डोलावते. श्लोकांच्या फाइलीत ती बंदच ठेवावी. ‘बुद्धि विनाशाय’ असे तोडणेही याच सवयीचे. शत्रुबुद्धिविनाशाय हा एक समास आहे, त्याच्या पोटात जागा सोडता येत नाही, आणि समासाचे पूर्वपद तर मराठी नियमांनीही ऱ्हस्वच राहते.

यावर अनेक जण वृत्त मोजण्याचा उपाय सुचवतात. उपाय चांगला आहे, पण त्याच्यावर ठेवला जातो तेवढा भरवसा त्याला पेलत नाही. हा श्लोक अनुष्टुभात आहे, म्हणजे चार चरण आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे. ढोबळ नियम असा की पाचवे अक्षर लघू, सहावे गुरू, आणि सातवे पहिल्या व तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या व चौथ्या चरणात लघू. जुन्या काव्यांत विषम चरणांना काही सवलती दिसतात, पण पाठांतराचे बहुतेक श्लोक हा नियम पाळतात. दीर्घ स्वर असलेले अक्षर गुरू असते. अनुस्वार किंवा विसर्ग असला, अथवा पुढे जोडाक्षर आले, तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होते.

आता बिघडलेला पाठ मोजून पाहा. शु-भं-क-रो-ती-क-ल्या-णं. अक्षरे आठ भरली, पण पाचवे ‘ती’ गुरू झाले, तेव्हा ‘करोती’ पकडले गेले. तिसऱ्या चरणात श-त्रु-बु-द्धी-वि-ना-शा-य. इथे ‘द्धी’ चौथ्या जागी आहे, त्या जागेवर नियमाची फारशी पकड नाही, त्यामुळे चूक निसटली. चौथ्या चरणात ‘दि’ पहिल्या जागी असल्यामुळे तीही निसटली. ‘ज्योती’ची गंमत तर पाहण्यासारखी आहे. मूळ पाठात ‘ति’ ऱ्हस्व आहे, पण पुढच्या ‘र्न’ या जोडाक्षरामुळे ते गुरू होते. मराठी तोंडाने तो र् टाकला आणि त्याची भरपाई म्हणून ‘ती’ दीर्घ केली. वजन तेवढेच राहिले, चाल बिघडली नाही, म्हणूनच ‘दीपज्योती नमोस्तुते’ पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणे म्हटले जाते. ‘गुरुर्ब्रह्मा’च्या जागी ‘गुरूर्ब्रह्मा’ छापले जाते तेही याच कारणाने, कारण पुढे जोडाक्षर असल्यामुळे ‘रु’ ऱ्हस्व असो की दीर्घ, वृत्ताला फरक कळत नाही. वरच्या दोन ओळींतल्या डझनभर दोषांपैकी वृत्ताने पकडला तो एकटा ‘करोती’. म्हणून वृत्त जुळले नाही तर चूक नक्की आहे असे समजावे, पण जुळले म्हणून पाठ शुद्ध आहे असे समजू नये.

निसटलेले पकडण्यासाठी तिसरा फेरा लागतो तो पदच्छेदाचा, आणि तुमचे सगळे वाद याच फेऱ्यात मिटतात. प्रत्येक श्लोकाखाली त्याची पदे सुटी करून लिहा: शुभम्, करोति, कल्याणम्, आरोग्यम्, धनसम्पदा, शत्रुबुद्धिविनाशाय, दीपज्योतिः, नमः, अस्तु, ते. मग ही पदे पुन्हा जोडत या आणि जोडून जे तयार होते ते टंकलेल्या पाठाशी ताडून पाहा. एखादे पद सुटे करता आले नाही किंवा त्याचा अर्थ लागला नाही, तर दोष बहुधा तिथेच असतो. ‘नमोस्तुते’ हा एकच शब्द समजणाऱ्याला ‘ते’ म्हणजे ‘तुला’ हे दिसत नाही. पदच्छेद लिहायला बसले की ते दिसते आणि मग ‘ते’ सुटे छापावे हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘दीपज्योतिः’ हे संबोधन आहे: हे दिव्याच्या ज्योती, तुला नमस्कार असो.

पुन्हा जोडताना तीन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. पहिले ठिकाण पदाच्या शेवटचा म्. पुढे व्यंजन आले तरच त्याचा अनुस्वार होतो, आणि पाणिनीचे ‘मोऽनुस्वारः’ (८.३.२३) हे सूत्र एवढेच सांगते. ‘शुभम्’ नंतर ‘क’ आहे, म्हणून ‘शुभं करोति’. ‘कल्याणम्’ नंतर ‘आ’ हा स्वर आहे, म्हणून तिथे अनुस्वाराला जागा नाही. म् पुढच्या स्वराला मिळून ‘कल्याणमारोग्यं’ होते. चरणान्ती किंवा श्लोकाच्या शेवटी थांबायचे असेल तर तिथेही म् हलन्तच राहतो. मघाच्या शोधांतली पाचवी ओळ नेमक्या याच जागा शोधते: अनुस्वार आणि त्यामागोमाग स्वर किंवा दंड. चाळीस श्लोकांत तुम्हांला अशा जागा बऱ्याच सापडतील, कारण मराठीत पदान्ती म् लिहिण्याची पाळी क्वचित येते आणि हात सरळ टिंब देऊन मोकळा होतो. ‘कल्याणम् आरोग्यं’ असे सुटे छापणे चूक नाही, ‘कल्याणं आरोग्यं’ मात्र चूक आहे.

शब्दाच्या पोटातला अनुस्वार हा याहून वेगळा विषय आहे आणि तुमच्या वादात तो मिसळू देऊ नका. ‘संपदा’ की ‘सम्पदा’, ‘शंकर’ की ‘शङ्कर’ यांत व्याकरणाचा कल परसवर्णाकडे, म्हणजे ‘सम्पदा’ आणि ‘शङ्कर’ यांकडे आहे. पण टिंबाचे लेखन अनेक छापील पुस्तकांत चालते आणि उच्चार त्याने बदलत नाही. मी श्लोकांत परसवर्ण पसंत करतो. कोणतेही एक ठरवा, पण पान ४ वर ‘शङ्कर’ आणि पान ९ वर ‘शंकर’ असे होऊ देऊ नका. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्यापूर्वी टिंबच द्यावे: संसार, संयम, सिंह.

दुसरे ठिकाण विसर्ग, आणि उत्साही दुरुस्तकाची खरी फजिती इथेच होते. ‘ज्योतिः’ मध्ये विसर्गापूर्वी इ आहे आणि पुढे न हे मृदू व्यंजन आहे, म्हणून विसर्गाचा र् होऊन ‘ज्योतिर्नमः’ होते. ‘नमः’ मध्ये विसर्गापूर्वी अ आहे आणि पुढेही अ आहे, म्हणून ‘नमो’ होते आणि पुढचा अ लोपून त्याच्या जागी अवग्रह येतो: ‘नमोऽस्तु’. इथवर बहुतेकांना जमते. पण ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ असे म्हणताना र् ची चटक लागते आणि तिसऱ्या चरणात ‘गुरुर्साक्षात्’ छापले जाते. पुढे स आहे, स हा कठोर वर्ण आहे, आणि कठोर वर्णापूर्वी विसर्गाचा र् होत नाही. पाठ ‘गुरुः साक्षात्’ असाच हवा. ‘गुरुस्साक्षात्’ हेही व्याकरणाने चालते, पण मुलांना विसर्ग ओळखीचा असतो, म्हणून तो ठेवावा. ही चूकही वृत्ताला दिसत नाही, कारण ‘रुः’ आणि ‘रुर्’ दोन्ही गुरूच आहेत. याच श्लोकात पहिला अर्धा ‘महेश्वरः’ने संपतो. तिथे दंड आहे, विराम आहे, म्हणून पुढचा ‘गुरुः’ ग ने सुरू होत असला तरी त्या विसर्गाला हात लावायचा नाही.

याउलट ‘वक्रतुण्ड महाकाय सूर्यकोटिसमप्रभ’ या ओळीच्या शेवटी ‘समप्रभः’ असा नसलेला विसर्ग हमखास चिकटवला जातो. ही तिन्ही संबोधने आहेत आणि अकारान्त पुंल्लिंगी नामाच्या संबोधनाच्या एकवचनात विसर्ग नसतो. पदच्छेद लिहून प्रत्येक पदाची विभक्ती मनाशी म्हटली की हे सुटत नाही. नुसते कानाने तपासले तर सुटते, कारण ओळ संपताना आपला श्वास विसर्गासारखाच ऐकू येतो.

तिसरे ठिकाण अवग्रह. तो ध्वनी नाही, लोपलेल्या अ ची खूण आहे. तो गाळला तरी पाठ अशुद्ध ठरत नाही आणि जुन्या पोथ्यांत तो पुष्कळदा नसतोही. शालेय पुस्तिकेत मात्र तो छापावा, म्हणजे इथे ‘अस्तु’ आहे हे मुलाला कळते. शिक्षकांना एवढे सांगून ठेवावे की त्यासाठी स्वर लांबवायचा नाही. संगीताच्या पुस्तकांत हेच चिन्ह स्वर लांबवण्यासाठी वापरलेले असते, त्यामुळे मुले हमखास ‘नमोऽऽऽस्तु’ असा हेल काढतात.

मुलांसाठी संधी सोडवून छापावेत का, याचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ‘दीपज्योतिः नमः अस्तु ते’ मोजून पाहा: दी-प-ज्यो-तिः-न-मः-अ-स्तु-ते. अक्षरे नऊ झाली आणि चाल मोडली. संस्कृत गद्यात दोन पदांमधला संधी बोलणाऱ्याच्या इच्छेवर असतो, परंतु पद्याच्या एका अर्धात तो न करणे हा दोष मानतात. समासातला संधी तर कुठेच सोडवता येत नाही. म्हणून श्लोक संधीसह छापावा आणि पदच्छेद त्याखाली लहान अक्षरांत द्यावा. तुम्ही तपासणीसाठी तो लिहिणारच आहात, त्यामुळे काम वाढत नाही. संधी न मोडता डोळ्यांना सोपे करायचे असेल तर जिथे व्यंजनावर पद संपते तिथे जागा सोडता येते: ‘दीपज्योतिर् नमोऽस्तु ते’, ‘मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्’. जागा सोडली म्हणून ‘कश्चिद्’चे पुन्हा ‘कश्चित्’ करू नये, कारण तो द् पुढच्या द मुळे आलेला आहे आणि जागा सोडल्याने उच्चार थांबत नाही. ‘दुःख’ मधला विसर्गही पाहून घ्यावा, मराठी हात तो विसरतो.

चार चरण चार ओळींत मांडणार असाल तर पहिला आणि तिसरा चरण जिथे पुढच्या चरणाला जोडलेला आहे तिथे गफलत होते. ‘गुरुर्विष्णुर्’ अशी हलन्त र् वर ओळ तोडावी. तिथे विसर्ग छापला तर मुले थांबून ‘विष्णुहु’ म्हणतात आणि मग ‘गुरुर्देवो’ वेगळे सुरू होते. ‘कल्याणम्’ वर मात्र निर्धास्त तोडावे.

आता एक मर्यादा. ‘करोति’चे कर्म असताना ‘धनसम्पदा’ हे रूप कसे, अशी शंका तुमच्यापैकी कोणी काढली असेल तर ती रास्त आहे, आणि काही छापील प्रतींत ‘धनसम्पदाम्’ असा पाठ मिळतोही. पण ही टंकनाची चूक नव्हे, पाठभेद आहे. तसेच ‘दुःखमाप्नुयात्’ आणि ‘दुःखभाग् भवेत्’ यांचे. इथे व्याकरणाच्या बळावर आपण होऊन पाठ बदलू नये. प्रत्येक श्लोकासाठी एकच छापील प्रत प्रमाण धरावी, तिचे नाव हस्तलिखितावर श्लोकाशेजारी लिहून ठेवावे आणि वाद निघाला की तीच उघडावी. तुमच्या तिघांच्या दुरुस्त्यांपैकी काही अशाच निघतील. त्या बाजूला काढल्या की उरलेल्यांवर भांडण्यासारखे फार राहणार नाही.

शेवटचे वाचन छपाईला जाणाऱ्या पीडीएफवरच करावे, टंकलेल्या फाइलीवर नको. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतताना जुन्या फॉण्टांचे रूपांतर झाले असेल तर अवग्रह आणि ऋकार सर्वांत आधी गळतात. इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. हे वाचन दोघांनी बसून करावे: एकाने प्रमाण प्रत हातात घेऊन अक्षरन्‌अक्षर, ‘ति ऱ्हस्व, न वर रफार, मो, अवग्रह’ असे उच्चारायचे आणि दुसऱ्याने पीडीएफवर बोट ठेवायचे. वाचणारा शक्यतो असा निवडा की ज्याला हे श्लोक पाठ नाहीत, आणि चरण शेवटून पहिल्याकडे घ्या, कारण ज्याला श्लोक येतो तो कागदावरचा मजकूर न वाचता मनातला म्हणत जातो. चाळीस श्लोकांना एक दुपार पुरते.